छातीत गाठ हाताला लागली: पुढच्या पाळीपर्यंत थांबावं की लगेच दाखवावं?

समजा, चोपड्याकडची 32 वर्षांची बाई. पाळी 28 दिवसांची. बाविसाव्या दिवशी आंघोळ करताना उजव्या छातीत, काखेकडे, गाठीसारखं लागलं, दुखतंही. जाऊबाई म्हणतात थांब, बहीण म्हणते जळगावला चल.

आधी दुखणं बघा. पाळीआधी संप्रेरकांमुळे दुधाच्या ग्रंथी फुगतात, पाणी धरतात. म्हणून बहुधा दोन्ही बाजू जड होतात, हाताला रवाळ लागतात आणि पाळी आली की हलक्या होतात. मात्र दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

थांबायचं तर एकच पाळी. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात, आडवं पडून, तीन बोटांच्या पेरांनी तीच जागा चाचपा. विरघळली तर ती पाळीच्या चक्रामुळे आलेली होती. आहे तशीच असेल तर दाखवायचं. चाचपण्याची चूक इथेच होते: पाळीआधी रोज दाबून पाहिलं की सगळंच गाठ वाटतं.

दाखवायला गेल्यावर सर्जन हाताने तपासतात. या वयात आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर सहसा मॅमोग्राफीही. शंका उरली तरच सुईने तुकडा घेतात. जळगाव-धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात खर्च खाजगीपेक्षा कमी, पण दिवस मोडतो.

दोन्हीकडे सारखं, पाळीबरोबर येणारं-जाणारं असेल त्यांनी थांबावं. एकीकडे कडक, न हलणारी गाठ, कातडीला खळी, बोंडशी नव्याने आत ओढलेली किंवा तिच्यातून रक्त, काखेत गाठ, किंवा पाळी कायमची थांबलेली असताना नवी गाठ: यांनी वाट न बघता याच आठवड्यात जावं.