टायमिंग की स्टेट? संशय क्लॉकवरच असेल तेव्हा

टायमिंग मोडमध्ये लॉजिक अ‍ॅनालायझर स्वतःच्या क्लॉकवर सॅम्पल घेतो आणि स्टेट मोडमध्ये तुमच्या सर्किटच्या क्लॉकवर, एवढं माहीत असलेल्यांसाठी हे लिहितोय. दोन्ही मोड बरेच वापरले आहेत. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा निघू शकतो.

कल ठरला तो एका एलईडी डिस्प्लेमुळे. मायक्रोकंट्रोलरपासून लांब रिबन केबल, पलीकडे ७४एचसी५९५ ची साखळी, सगळं ५ व्होल्टवर, एसपीआय ४ मेगाहर्ट्झला. मधूनच अख्खा आकडा एक घर सरकायचा. म्हणजे कुठेतरी एक जास्तीचा क्लॉक मोजला जात होता.

आधी स्वस्तातला, २४ मेगाहर्ट्झवाला यूएसबी अ‍ॅनालायझर लावला. एका क्लॉकमागे सहा सॅम्पल मिळतात, बाइट डीकोड करायला ते पुरे. चित्र अगदी स्वच्छ आलं, बाइटमागे आठ क्लॉक. पण या वेगाला दोन सॅम्पलमध्ये जवळपास ४२ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. चढत्या एजवर १२ नॅनोसेकंदांची खाच पडत असेल, तर ती सॅम्पलच्या क्षणी सापडण्याची शक्यता १२ भागिले ४२, म्हणजे तीनचारदा पडली तर एकदा. सापडली तरी ती एका सॅम्पलएवढी, ४२ नॅनोसेकंदांची दिसते, आणि माणूस ‘सॅम्पलिंगची गडबड असेल’ म्हणून पुढे जातो. डीकोडिंगला चौपट वेग पुरतो म्हणतात ते खरं आहे, पण तो हिशोब बाइटचा आहे, ग्लिचचा नाही.

मग दुसऱ्या अ‍ॅनालायझरवर स्टेट मोड लावला, क्लॉक म्हणून एसपीआयचाच क्लॉक दिला आणि लॅचची लाइन सोबत घेतली. इथे गंमत झाली. डिस्प्ले सरकला त्या वेळच्या यादीत दोन लॅचच्या मध्ये एक ओळ जास्त होती, डेटा आधीच्या ओळीचाच. अ‍ॅनालायझरने खाचेनंतरची एज खरी क्लॉक एज म्हणून घेतली आणि इतर ओळींच्या मांडीला मांडी लावून बसवली. यादी बघून कोणीही म्हणेल, फर्मवेअरने एक बिट जास्त पाठवला. आमच्याकडे तेच म्हटलं गेलं, आणि निर्दोष कोडची उलटतपासणी सुरू झाली.

मला खटकलं ते हेच. स्टेट मोड क्लॉकवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि इथे आरोपी क्लॉकच होता. काही अ‍ॅनालायझर प्रत्येक ओळीला वेळ जोडतात, त्यांच्यावर हे कदाचित लवकर कळलं असतं. पण क्लॉक लाइनचा आकार तिथेही दिसत नाही. डेटा लाइनवरचा ग्लिच दोन एजच्या मध्ये येऊन गेला तर त्याचा मागमूसही राहत नाही.

त्याच अ‍ॅनालायझरवर टायमिंग मोडला २०० मेगाहर्ट्झ लावले. आता सॅम्पलमधलं अंतर ५ नॅनोसेकंद, म्हणजे १२ ची खाच किमान दोन सॅम्पलमध्ये येणारच. प्रोब ५९५ च्या पिनवर लावा, मायक्रोकंट्रोलरच्या टोकाला नाही, कारण तिथे एज बऱ्याचदा ठीकच दिसते. ग्राउंडची वायर आखूड ठेवा. थ्रेशोल्डही बघा: तो १.५ व्होल्टवर असेल आणि खाच २ व्होल्टपर्यंतच उतरत असेल, तर कितीही वेगाने सॅम्पल घ्या, ती दिसणार नाही. एचसी चिप ५ व्होल्टवर अडीचच्या आसपास बदलते, म्हणून थ्रेशोल्ड तिथे आणला आणि ‘२० नॅनोसेकंदांहून अरुंद पल्स’ असा ट्रिगर लावला. खाच पकडली गेली. क्लॉक लाइनला मायक्रोकंट्रोलरच्या टोकाशी ४७ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकल्यावर खाच गेली आणि आकडा सरकणंही थांबलं.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. चॅनलमागे १.६ कोटी सॅम्पल धरले तर २०० मेगाहर्ट्झला ८० मिलिसेकंदांत भांडं भरतं. त्यामुळे नीट ट्रिगर सुचत नसेल तर हा मोड हात टेकायला लावतो.

आणि ८०८५ सारख्या बसवर प्रोग्रॅम कुठे भरकटला ते शोधायचं असेल, तर मीही स्टेट मोडच लावतो. बस सायकल ढोबळमानाने एका मायक्रोसेकंदाची धरली आणि अर्ध्या ओळी पत्त्यासाठी एएलईच्या एजला गेल्या, तरी तेवढ्याच मेमरीत ८ सेकंदांचा प्रवास मावतो. फक्त त्याआधी वेगवान टायमिंग मोडमध्ये एएलई आणि रीड-राइटच्या एज एकदा बघून घेतो.