फलकावरची ओळ की कानातला आवाज: ‘आफ्रेस्को’ मराठीत आणताना

पादोव्हाच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमधलं ‘मृत ख्रिस्तासाठी विलाप’ हे चित्र जॉत्तोने १३०३ ते १३०५ च्या दरम्यान रंगवलं. चित्राशेजारच्या इटालियन फलकाला त्याबद्दल चित्रकाराचं नाव, शीर्षक, सालं आणि ‘आफ्रेस्को’ हा एक शब्द एवढं पुरतं. मराठी करणारा अडतो तो या शेवटच्या शब्दावर. भित्तिचित्र म्हणायचं, फ्रेस्को ठेवायचं, की ओल्या गिलाव्यावरचं चित्र असं सांगायचं? फलक आणि ऑडिओ गाइड या दोन्हींसाठी एकच उत्तर चालत नाही, आणि दोन्हींचं काम एकाच मजकुरात उरकायचा मोह टाळायला हवा तो यामुळेच.

भित्तिचित्र हा शब्द सुंदर आहे, ओळखीचा आहे, पण फार सैल आहे. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हेही भित्तिचित्रच, आणि अजिंठ्याची चित्रंही. ही दोन्ही मात्र कोरड्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. जॉत्तोने ताज्या, ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या थरातच अडकतात. लिओनार्दोने टेम्पेरा, म्हणजे अंड्यात कालवलेले रंग, आणि तेलरंग कोरड्या भिंतीवर वापरले. ते चित्र त्याच्या हयातीतच खराब होऊ लागलं. दोन्ही फलकांवर ‘भित्तिचित्र’ लिहिलं, तर एक सातशे वर्षं का टिकलं आणि दुसऱ्याची पापुद्री का उडाली, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

‘फ्रेस्को’ हा शब्द अचूक आहे. अडचण एवढीच की आपल्याकडे अजिंठ्यालाही सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात त्याचा अर्थ ‘भिंतीवरचं जुनं चित्र’ असाच झालेला असतो. म्हणून फलकावर मी लिहीन: ‘फ्रेस्को, ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर’. दोन-तीन शब्द वाढतात, पण डोळा ते पेलतो. हवं तर थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो.

कानाला मागे जाता येत नाही. ऑडिओत ‘फ्रेस्को, ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर’ हे यादीतलं कलम वाटतं आणि विरून जातं. तिथे आधी कृती सांगावी, नाव मागून द्यावं: ‘गवंडी भिंतीच्या एका तुकड्यावर ओला गिलावा करायचा. तो वाळायच्या आत चित्रकाराला तेवढा भाग संपवावा लागे. या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात.’ एवढं ऐकल्यावर इटालियन संहितेतला ‘जोर्नाता’ हा शब्दही आपोआप बसतो. त्याचा अर्थ एका दिवसाच्या कामाचा तुकडा. मी त्याला ‘दिवसाचा गिलावा’ म्हणतो. ‘दिनखंड’सारखं काही घडवायला गेलं, तर ऐकणारा चित्र सोडून शब्दाचाच विचार करत बसतो.

याच चॅपेलमध्ये एक मेख आहे. मरियेच्या वस्त्रांचा निळा रंग ओल्या चुन्यावर नीट धरत नसे, म्हणून तो गिलावा वाळल्यावर लावलेला आहे, आणि म्हणूनच बऱ्याच ठिकाणी झडला आहे. इटालियनमध्ये याला ‘आ सेक्को’ म्हणतात. फलकावर हे टाळलं तरी चालेल. ऑडिओत मात्र हवंच, कारण उडालेला निळा ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोरच असतो आणि त्याच्या मनात प्रश्न आलेला असतो.

काळाच्या बाबतीतही दोन वाटा होतात. ‘त्रेचेंतो’ म्हणजे शब्दशः तीनशे, अर्थ मात्र तेराशेची सालं, म्हणजे चौदावं शतक. हे तेरावं शतक म्हणून छापलेलं मी पाहिलं आहे. फलकावर सरळ १३०३–१३०५ लिहावं, शतकाच्या फंदात पडूच नये. ऑडिओत सालं कानातून निसटतात, तिथे मराठी माणसाला ‘ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर दहा वर्षांच्या आतच’ म्हटलं की काळ चटकन उभा राहतो. समाधीचं साल १२९६, तेव्हा हिशेबही बरोबर बसतो.

पैसे एकाच कामापुरते असतील तर? स्क्रोव्हेन्यीसारख्या ठिकाणी मी ऑडिओ निवडेन. आत साधारण पंधराच मिनिटं मिळतात आणि चित्रं भिंतभर वरपर्यंत आहेत. मान खाली घालून वाचत बसायला वेळ कुठला? दालनामागून दालन असलेल्या, सुटी चित्रं टांगलेल्या संग्रहालयात आधी फलक करावेत. तिथे माणूस आपल्या गतीने फिरतो, आणि ‘बोत्तेगा दी’ म्हणजे त्या चित्रकाराच्या चित्रशाळेतलं काम, स्वतः त्याच्या हातचं असेलच असं नाही, हा फरक प्रत्येक चित्राशेजारी छापलेलाच बरा. ‘चित्रशाळा’ म्हणावं, ‘कार्यशाळा’ म्हटलं की लोकांना शिबिर आठवतं.

दोन्ही करायचं असेल, तर आधी फलक करून संज्ञा ठरवून घ्याव्यात आणि मग ऑडिओ कोऱ्या कागदावर लिहावा. तयार झाला की तो एखाद्याला चित्राकडे बघायला लावून मोठ्याने वाचून दाखवा. ‘विलाप’मध्ये उजवीकडच्या वठलेल्या झाडापासून खडकाची धार खाली ख्रिस्ताच्या चेहऱ्यापर्यंत उतरते. तुमच्या वाक्याबरोबर त्याची नजर त्या धारेवरून खाली आली, तर मजकूर जमला. ती तुमच्या तोंडाकडे वळली, तर कुठला शब्द अडला ते लगेच विचारा.