टार्गेट हुकलं, इन्सेंटिव्ह नाही: टीमला सांगायच्या दोन पद्धती

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिमाहीची मीटिंग असते. एप्रिल ते जून म्हणजे खान्देशात ठिबकवाल्यांचा खरा हंगाम. बागायती कापसाची लावणी मेअखेरीपासून सुरू होते, पाठोपाठ रावेर-यावलकडे केळीची मृगबाग लागते. हा हंगाम हातचा गेला की मॅनेजरला टीमसमोर उभं राहून ते सांगावं लागतं. मी हे दोन वर्षं दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितलं. तुमची मीटिंग तोंडावर आली असेल आणि कसं बोलावं हे ठरत नसेल, तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

माझी टीम १४ जणांची, जळगाव जिल्ह्यातले तालुके वाटून घेतलेली. पहिल्या वर्षी मी अशी सुरुवात केली: "या तिमाहीत तुम्ही सगळ्यांनी उन्हातान्हात फार मेहनत घेतली. नवे सात डीलर जोडले. बाजाराची परिस्थिती पाहता आकडे थोडे अपेक्षेपेक्षा कमी आले आहेत, त्यामुळे इन्सेंटिव्हच्या बाबतीत काही मर्यादा आहेत. पण पुढची तिमाही आपलीच आहे." यात खोटं एकही वाक्य नव्हतं. टाळ्या वाजल्या, चहा झाला, आणि जिन्यात पारोळ्याचा मुलगा थांबून म्हणाला, "मग भाऊ, पैसे कधी जमा होतीन?"

बातमी पोचली नाही, हे ओळखायची खूण हीच. मीटिंगनंतर 'कधी' आणि 'किती' असे प्रश्न आले, तर 'नाही' हा शब्द कोणी ऐकलेला नाही असं समजायचं. त्याने त्या पैशांच्या भरवशावर गाडीचा हप्ता धरला होता. खरी गोष्ट त्याला आठ दिवसांनी अकाउंट्सकडून कळली आणि त्यानंतर तो माझ्याशी कित्येक महिने कामापुरतंच बोलला.

दुसऱ्या वर्षीही हंगाम हुकला. टार्गेट ४ कोटींचं, विक्री ३ कोटी १२ लाखांची, म्हणजे ७८ टक्के. इन्सेंटिव्हची अट ९० टक्क्यांची. या वेळी पहिलं वाक्य असं होतं: "आपण ७८ टक्क्यांवर थांबलो, त्यामुळे या तिमाहीचं इन्सेंटिव्ह कोणालाही मिळणार नाही. हा निर्णय झाला आहे, तो बदलणार नाही. दिवाळीचा बोनस वेगळा आहे, त्याला याने धक्का लागत नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम लगेच घेतलं. 'पैसे नाहीत' ऐकलं की माणसाचं मन थेट दिवाळीवर जातं. कायद्याने जे पात्र आहेत त्यांचा किमान ८.३३ टक्के बोनस तिमाहीच्या टार्गेटवर अवलंबून नसतो, आणि हे पहिल्या मिनिटात सांगितलं नाही तर पुढचं कोणी ऐकतच नाही.

पहिल्या पद्धतीत कारण म्हणून 'बाजाराची परिस्थिती' येते. दुसऱ्या पद्धतीत तेवढ्यावर भागत नाही, हिशोब द्यावा लागतो. कमी पडलेल्या ८८ लाखांचे मी तीन भाग केले. ३१ लाखांच्या ऑर्डर आपल्या हातात होत्या, पण १६ एमएमची इनलाइन नळी गोडाऊनला वेळेवर आली नाही आणि लावणी उरकल्यावर शेतकऱ्यांनी त्या रद्द केल्या. ही चूक आपली, त्यातही मे महिन्याची मागणी मी उशिरा दिली म्हणून माझी. ३५ लाखांचे शेतकरी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाच्या पूर्वसंमतीसाठी थांबलेत. संमतीआधी खरेदी केली तर अनुदान जातं, म्हणून ते घेत नाहीत. उरलेले २२ लाख कुठे गेले हे मला ठाऊक नाही, असंही सांगितलं.

हा तिसरा भाग बोलताना जीभ जड होते. पण तो लपवला की पहिल्या दोन आकड्यांवरचाही विश्वास उडतो, कारण तालुक्यात फिरणाऱ्याला गिऱ्हाईक कुठे गेलं हे आपल्यापेक्षा जास्त दिसतं. आणि सगळं खापर नळीवर फोडणंही खरं नव्हतं. ते ३१ लाख आले असते तरी विक्री ३ कोटी ४३ लाखांवर थांबली असती, अट होती ३ कोटी ६० लाखांची. तेही बोललो, नाहीतर 'गोडाऊनमुळे आपले पैसे गेले' हीच गोष्ट वर्षभर फिरली असती.

या पद्धतीला एक दुखरी बाजू आहे. चोपड्याच्या गड्याने एकट्याने १०४ टक्के केले होते, आणि अट टीमची असल्यामुळे त्यालाही शून्य. सगळ्यांसमोर 'कोणालाही नाही' हे त्याने पहिल्यांदा ऐकणं मला पटलं नाही. मीटिंगच्या तासभर आधी त्याला केबिनमध्ये बसवून सांगितलं. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर रात्रीतून ग्रुपवर गेलं असतं. तो म्हणाला, "म्हणजे मी केलं ते वाया." मी 'वाया नाही' असं म्हणालो नाही. नियम बदलून वैयक्तिक कामगिरीलाही वाटा द्यावा असं पत्र मी वर पाठवलंय, ते मंजूर होईलच असं नाही, आणि उत्तर काहीही आलं तरी १२ ऑगस्टला तुला सांगतो, एवढंच बोललो.

पुढचं पाऊल सांगण्यात दोन्ही पद्धतींत सर्वांत मोठा फरक पडतो. 'पुढची तिमाही आपलीच' यात कोणी, काय, कधी करायचं हे काहीच नाही. दुसऱ्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरात लागणारी केळीची कांदेबाग समोर ठेवली. प्रत्येकाने २५ जुलैपर्यंत आपल्या तालुक्यात नळीचे किती बंडल लागतील ते लिहून द्यायचं. तो माल गोडाऊनला कधी येईल याची तारीख प्रॉडक्शनकडून १० ऑगस्टपर्यंत लेखी घेणं माझं काम. एकच पाऊल, आणि त्यातला अवघड वाटा मॅनेजरकडे. फक्त टीमलाच कामं वाटली असती, तर ती शिक्षा वाटली असती.

पूर्वसंमतीवर अडकलेले ३५ लाख पुढच्या तिमाहीत येतील असं आश्वासन मात्र दिलं नाही. ते आपल्या हातात नाही.

आता निवड. निर्णय पक्का असेल आणि त्यात लोकांच्या खिशाचा प्रश्न असेल, तर दुसरीच पद्धत घ्या. एखाद्याच्या कामातली छोटी उणीव एकट्याला दाखवायची असेल, तर पहिली चालते; तिथे आधीचं कौतुक ऐकणाऱ्याला धीर देतं आणि मूळ मुद्दा हरवत नाही. निर्णय वर अडकला असेल तर दोन्ही थांबवा. 'बहुतेक मिळणार नाही' म्हणू नका, 'या तारखेला सांगतो' म्हणा आणि त्या तारखेला उत्तर नसलं तरी समोर या. बातमी ग्रुपवर टाकून मोकळं होण्याचा मोह होतो, तो टाळा. आधी तोंडी सांगा, मग तेच आकडे आणि तारखा त्याच संध्याकाळी लिहून पाठवा, कारण पहिल्या वाक्यानंतरचं निम्मं कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्या वर्षी टाळ्या नव्हत्या. बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि मीही ती शांतता भरायला गेलो नाही. मग मागून यावलचा आप्पा म्हणाला, "बंडल लिहायचे ते १६ एमएमचेच, का २० चे पण?"