बोअरच्या पाण्यात फ्लोराइड: आरओ, अ‍ॅल्युमिना, तुरटी की पावसाची टाकी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात माझ्या मामाचं घर आहे. घरी पाच माणसं, त्यात चार आणि सात वर्षांची दोन नातवंडं. बोअरच्या पाण्याचा अहवाल आला: फ्लोराइड लिटरला 3 मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार 1 पर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. मामीचा विश्वास बसेना. "या पान्यात डाय पाय कशी शिजते, अन् तुमी खराब म्हन्ता!"

मामीचं निरीक्षण खरं होतं आणि खोच नेमकी तिथेच आहे. खडकातल्या फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक अशा खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. सोडियम बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात मात्र ते मोकळं राहतं. असं पाणी मऊ असतं, साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते. त्याला ना वास, ना रंग. बोअर जितकी खोल तितका पाण्याचा खडकाशी सहवास जुना, म्हणून एकाच गावात उघड्या विहिरीचं पाणी बरं आणि शेजारच्या बोअरचं वाईट, असं अनेकदा सापडतं. त्यामुळे यंत्र विकत घेण्याआधी गावातली जुनी विहीर तपासून घ्या. तिथे 1 च्या आत निघालं तर पुढचं वाचायची गरज नाही, जंतूंसाठी क्लोरीन टाकलं की झालं.

नातवंडांमुळे घाई होती. कायमच्या दातांवरचं कवच साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं आणि फ्लोराइडचा मार त्याच काळात बसतो. दात येतात ते खडूसारखे पांढरे आडवे पट्टे घेऊन, पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा डाग आणि हा डाग वेगळे ओळखायला सोपे आहेत: हा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा असतो आणि घासून जात नाही. एकदा आला की पाणी बदलूनही जात नाही. हाडांचं गणित वेगळं. तिथे वर्षानुवर्षं साठत जातं, आधी मान-कंबर-गुडघे आखडतात, पुढे सांध्यांभोवतीचे बंध कडक होतात. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येतात का, हनुवटी छातीला लागते का, हात डोक्यामागे जातात का, हे घरच्या घरी पाहता येतं. न जमणं म्हणजे फ्लोराइडच असं नाही, पण अशा गावात डॉक्टरला पाण्याचा अहवालही दाखवावा. दूध कमी आणि काळा चहा, काळं मीठ, सुपारी जास्त असेल तर त्रासात भरच पडते.

आता उपाय. उकळणं, कँडल फिल्टर, कोळशाचा फिल्टर, यूव्ही या चौघांना आधीच बाद करा. उकळल्याने तर वाफ जाते आणि फ्लोराइड भांड्यात उरतं, म्हणजे पाणी आणखी दाट होतं. शिवाय फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी शुद्ध करायचं आहे. पाच जणांना दिवसाला 20 लिटर धरू.

तुरटी-चुन्याची पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली, ओळखली जाते नलगोंडा नावाने. मामांच्या पाण्याची क्षारता लिटरला 300 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्याला लिटरमागे साधारण 350 मिलिग्रॅम तुरटी, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 7 ग्रॅम, आणि त्याच्या विसाव्या भागाइतका चुना. दहा-पंधरा मिनिटं सावकाश ढवळायचं, तासभर बसू द्यायचं, आणि तळापासून चार बोटं वर बसवलेल्या तोटीतून वरचं पाणी काढायचं. स्वस्त आहे, वीज लागत नाही. पण हा हिशेब पाणीपुरवठ्यात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचा आहे. किराणा दुकानातल्या दाढीच्या तुरटीत अ‍ॅल्युमिनियम कमी असतं, तेवढ्याच वजनात काम होत नाही. आणि माप चुकलं की अ‍ॅल्युमिनियम पाण्यातच उरतं. रोज काटेकोर वजन करणारं माणूस घरात असेल तरच याच्या वाटेला जा. मामीने चौथ्या दिवशी मूठभर टाकायला सुरुवात केली.

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर वापरायला सगळ्यात सुटसुटीत: पांढऱ्या दाण्यांच्या थरातून पाणी झिरपतं, दाणे फ्लोराइड धरून ठेवतात. एक किलो दाणे गावच्या पाण्यात साधारण 1.5 ग्रॅम फ्लोराइड धरतात असं मानू. 3 किलोचा फिल्टर म्हणजे 4.5 ग्रॅम. 3 वरून 0.5 वर आणायला लिटरमागे 2.5 मिलिग्रॅम पकडावं लागतं, म्हणून 1,800 लिटर, म्हणजे तीन महिने. नंतर दाणे भरून जातात आणि पाणी दिसायला तसंच स्वच्छ राहतं. दाणे पुन्हा कामाला लावायचे तर कॉस्टिक सोडा आणि मग आम्लाने धुवावे लागतात, ते काम स्वयंपाकघरातलं नाही. गावात ते करून देणारं कोणी नसेल तर हा फिल्टर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आरओ फ्लोराइड बहुतेक काढतं. 3 चं 0.3 व्हावं. इथे फसगत दोन ठिकाणी होते. पाण्याला चव यावी म्हणून मिस्त्री टीडीएस कंट्रोलर उघडून ठेवतो. त्यातून बोअरचंच पाणी परत मिसळतं. चौथा हिस्सा मिसळला तरी 0.3 चं जवळपास 1 होतं, तिसरा हिस्सा मिसळला की 1.2. अशा घरात तो स्क्रू पूर्ण बंदच हवा. दुसरं, टीडीएस मीटर पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतं, फ्लोराइड त्याला वेगळं दिसत नाही. त्यावर 80 आलं म्हणजे फ्लोराइड किती, ते कळत नाही. एक भाग शुद्ध आणि दोन भाग बाहेर धरलं तर बाहेर पडणाऱ्या 40 लिटरमध्ये फ्लोराइड 4 च्या वर जातं. ते भांडी-फरशीला वापरा, गुरांच्या हौदात सोडू नका.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. वीस चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर आणि वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस, गळती-वाफ सोडूनही 16 हजार लिटर मिळतात. अडचण साठवणीची: कोरड्या आठ महिन्यांना, दिवसाला 20 लिटर धरून, 4,800 लिटरची झाकणबंद टाकी लागते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि पिण्याआधी क्लोरीन किंवा उकळी. इथे उकळी चालते, काढण्यासारखं फ्लोराइडच नाही.

मामांनी 5 हजार लिटरची टाकी घेतली आणि तिला जागा होईपर्यंत कंट्रोलर बंद करून आरओ लावलं. मी असतो तर आरओला हात लावला नसता, पण टाकी भरायला जून यावा लागतो आणि नातू त्या वेळी चार वर्षांचा होता. आरओच्या पाण्याचा नमुना ते दर सहा महिन्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देतात. बाटली प्लास्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली. नमुना आरओच्या नळाचा द्यायचा, बोअरचा नव्हे. पहिल्या वेळी तेच चुकलं होतं आणि अहवाल पुन्हा 3 आला.