कॅफेत बँकेचा पासवर्ड: बटणं दाबून की माऊसने टिपून?

भरतीचा फॉर्म भरून झाला, फी तेवढी राहिली आणि कॅफेच्या पीसीवर नेट बँकिंगचं पान उघडलं. अशा वेळी शेजारचा हमखास सांगतो, ‘पडद्यावरचा कीबोर्ड वापर, मग कीलॉगरची भीती नाही.’ कीलॉगर म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण गुपचूप नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र. पण पडद्यावरचे कीबोर्ड दोन जातींचे असतात आणि गल्लत इथेच होते.

पहिला विंडोजचा. Win + R दाबून osk लिहिलं की उघडतो. ज्यांना साधा कीबोर्ड वापरणं जमत नाही त्यांच्यासाठी तो आहे, त्यामुळे टिपलेलं प्रत्येक अक्षर तो खऱ्या बटणासारखंच विंडोजकडे पाठवतो. कीलॉगर सॉफ्टवेअर दबा धरून बसलेलं असतं ते त्याच वाटेवर. तुम्ही माऊसने Amba#27 टिपलंत, तरी त्याच्या नोंदीत Amba#27 असंच उमटतं. हा कीबोर्ड उपयोगी पडतो तो कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये खोचलेल्या कीलॉगर यंत्रापुरता. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा मागे हात घालून चाचपता येतो, पण कित्येक कॅफेंत सीपीयू लाकडी खोक्यात कुलूपबंद असतो.

दुसरा बँकेच्या लॉगिन पानावरचा. यात क्लिक केलं की अक्षर थेट पासवर्डच्या रकान्यात जातं, बटण दाबल्याचा निरोप विंडोजकडे जातच नाही. साध्या कीलॉगरच्या हाती काही लागत नाही. काही ठिकाणी अक्षरांच्या जागाही दरवेळी बदलतात, म्हणजे क्लिक कुठे झालं एवढं नोंदवूनही भागत नाही.

तरी याची मजल तेवढीच. प्रत्येक क्लिकला माऊसभोवतीच्या पडद्याचा फोटो काढणारे व्हायरस आहेत. मग जागा बदलल्या काय नि नाही काय. २००७ पासून माहीत असलेला झ्यूस हा व्हायरस तर ब्राउझरमध्येच शिरायचा आणि लॉगिन दाबताच, माहिती कुलूपबंद होऊन निघण्याआधीच, भरलेला फॉर्म उचलायचा. पत्त्याशेजारचं कुलूप पुढच्या रस्त्यासाठी असतं, घरातल्या चोरासाठी नाही. शिवाय माऊसने टिपताना हात मंद चालतो आणि मागे उभ्या असलेल्याला सगळं आरामात वाचता येतं.

तेव्हा या दोघांत निवडायचंच असेल तर बँकेचा. विंडोजचा मी या कामासाठी धरतच नाही.

पण फी भरण्याच्या पानावर यूपीआयचा क्यूआर दिसत असेल तर हा प्रश्नच मिटतो. तो आपल्या फोनने स्कॅन करायचा, पैसे कोणाच्या नावावर जाताहेत ते वाचायचं आणि पिन फोनवरच टाकायचा. कॅफेच्या यंत्राला पासवर्ड कळतच नाही. नुसती शिल्लक बघायची असेल तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *99# लावा, साध्या फोनवरही चालतं.

कॅफेत पासवर्ड आधीच टाकून बसला असाल, तर तो त्याच दिवशी बदला, मात्र स्वतःच्या फोनवरून. त्याच पीसीवर बदललात तर नवाही कीलॉगरच्या त्याच वहीत जाईल.