तीन भाषांचा व्हॉट्सअ‍ॅप बॉट, काही महिने वापरून: भाषेचं ऑटो-डिटेक्ट आधी बंद करा

टूलचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण सपोर्टशी अजून भांडण चालू आहे आणि रिन्यूअलही तोंडावर आलंय. ड्रॅग-ड्रॉपवाले जे चार-पाच बिल्डर आहेत त्यातलाच एक समजा. इंटेंट, बटणं, फॉलबॅक, एजंटकडे ट्रान्सफर हे सगळं ज्याच्यात असतं तोच प्रकार, त्यामुळे फीचर्स परत सांगत बसत नाही.

मावशीचा कोथरूडला डब्यांचा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक तीन प्रकारचं. जुने मराठी लोक, कर्वेनगरच्या रूमवर राहणारी हिंदी बोलणारी पोरं, आणि बाणेरकडचे आयटीवाले जे इंग्लिशमध्ये सुरू करतात आणि तिसऱ्या मेसेजला हिंदीत घसरतात. सकाळी आठला दुपारच्या डब्यांची यादी बंद होते, तोपर्यंत "आज नको", "पत्ता बदला", "बिल किती" एवढंच बॉटने सांभाळायचं होतं. लहानसं काम. पण प्लॅन असा की बॉटच्या प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात, आणि त्यात "माफ करा, समजलं नाही" हाही मेसेज मोजतात! म्हणजे यांच्या बॉटला कळलं नाही तरी पैसे आमचेच. हे मला पहिल्या बिलापासून खुपतंय आणि पुढचं सगळं त्याच डोक्याने लिहिलंय.

भडका उडाला तो सदाशिव पेठेतल्या एका आजींमुळे. त्यांनी छान मराठीत लिहिलं, "गुरुवारी पाहुणे आहेत, चार पोळ्या जास्त द्या." जास्तीच्या पोळ्यांचा इंटेंट आमच्याकडे नव्हताच, त्यामुळे बॉट म्हणाला समजलं नाही. ठीक. त्यांनी लिहिलं `ok`. लगेच बॉटला वाटलं बाई इंग्लिश, आणि इंग्लिशमधून सॉरी. मग त्यांनी लिहिलं `4 poli`, तर आता "क्षमा करें, मैं समझ नहीं पाया". परत मराठीत लिहिलं, परत मराठीत माफी. शेवटी आजींनी मावशीला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे फोनवर किती माणसं बसवलीत गं?"

आता यात भाषा उड्या मारते हे तर दिसतंच. पण खरी गोम पुढे आहे. आम्ही लावलं होतं की तीन वेळा समजलं नाही तर माणसाकडे द्या. ते झालंच नाही, कारण या टूलमध्ये प्रत्येक भाषेचा फ्लो वेगळा आणि फॉलबॅकचा काउंटरही प्रत्येक फ्लोचा वेगळा. मराठीत दोन, इंग्लिशमध्ये एक, हिंदीत एक, तीनपर्यंत कोणीच पोचत नाही. गिऱ्हाईक गोल गोल फिरतंय आणि प्रत्येक फेरीचं मीटर चालू. सपोर्टला स्क्रीनशॉटसकट पाठवलं तर उत्तर आलं की हे डिझाइननुसारच आहे. डिझाइननुसार!

मग स्वतःच मार्ग काढला. ऑटो-डिटेक्ट पूर्ण बंद केलं. भाषा युजरच्या प्रोफाइलवर एका व्हेरिएबलमध्ये ठेवली, मेसेजवर नाही. काउंटरही तिथेच, तिन्ही फ्लोंना मिळून एकच, आणि तो शून्यावर कधी येणार तर काम खरंच पूर्ण झालं तर, मधे एखादं वाक्य कळलं म्हणून नाही. भाषा बदलायची ती दोनच कारणांनी: त्याने मेनूतून बदलली, किंवा लागोपाठ दोन पूर्ण वाक्यं दुसऱ्या भाषेत लिहिली. `ok`, `nahi`, नुसता आकडा यांच्यावरून भाषा ठरवायचीच नाही, कारण `nahi` मराठी माणूसही लिहितो आणि हिंदीही. टूलमध्ये छोटा कोड टाकायचा ब्लॉक मिळतो, त्यात एवढंच:

```
const t = text.trim().toLowerCase();
if (/^(ok|ho|nahi|हो|[0-9०-९]+)$/.test(t)) {
  lang = user.lang;
}
```

त्यात `०-९` वेगळं लिहिलंय ते उगाच नाही. जावास्क्रिप्टमध्ये `\d` म्हणजे फक्त इंग्लिश आकडे, मराठी कीबोर्डवरून कोणी "२" पाठवला तर तो त्यात बसत नाही आणि थेट फॉलबॅकला जातो. पायथनमध्ये साध्या स्ट्रिंगवर `\d` देवनागरी आकडेही पकडतं, त्यामुळे घरी पायथनमध्ये टेस्ट केलं तर सगळं ठीक दिसतं आणि लाइव्हवर बोंब. रोमन लिपीतल्या मराठीसाठी मी मोठं काही केलेलं नाही, `nako`, `udya`, `pahije`, `kadhi` अशा शब्दांची छोटी यादी आहे, हिंदीसाठी `chahiye`, `kitna`, `kab`. यादीतला एकही शब्द सापडला नाही तर भाषा जुनीच ठेवायची. "भैया कल का टिफिन नको" लिहिणाऱ्यांचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही, ते पडलेत त्यांच्या जुन्या भाषेत.

एवढं केल्यावर मला वाटलं रोग गेला. पण न समजलेल्या मेसेजची जी यादी टूल देतं (ही एकच गोष्ट त्यांनी झकास केलीय, एक्सेलमध्ये निघते, मागच्या-पुढच्या मेसेजसकट) ती बघायला लागलो आणि माझं मत फिरलं. भाषेमुळे अडलेले मेसेज फार नव्हतेच. जास्त होते ते आम्ही इंटेंटच केला नव्हता असे, म्हणजे जास्तीच्या पोळ्या, उपवासाचा डबा, "डबा खाली वॉचमनकडे ठेवा". आणि सगळ्यात महागात पडणारे मेसेज या यादीत नव्हतेच, कारण ते बॉटला "समजले" होते.

उदाहरणार्थ "डबा बंद करा". मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये, तिन्हीकडे लोक हेच लिहितात आणि अर्थ तीन निघतात. आजच्यापुरता नको, काही दिवस गावाला चाललोय, किंवा कायमचा बंद. बॉटचा कॉन्फिडन्स एकदम वर, कारण वाक्य ओळखीचं, आणि त्याने एका पोराचं महिन्याचं खातंच बंद केलं. पोरगं दोन दिवसांसाठी नाशिकला गेलं होतं. परत आलं तर डबा नाही.

म्हणून आता तीन पट्टे आहेत. कॉन्फिडन्सचा स्कोअर ०.७ च्या वर असला तर काम करून टाक, ०.४ ते ०.७ मध्ये असेल तर विचार, त्याखाली फॉलबॅक. हे आकडे आमच्या मेसेजवर बसवलेत, तुमचे वेगळे येतील, यादी बघून ठरवा. पण "बंद" या इंटेंटला स्कोअर कितीही असो, विचारायचंच. पैसे किंवा खातं जिथे हलतं तिथे स्कोअरवर विश्वास नाही.

आणि विचारायचं कसं यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. पहिला प्रश्न होता, "आजपासून बंद करू की उद्यापासून?" लोक उत्तर देतात, "हो". काय करणार. बोलताना आपण तसंच करतो, समोरचा माणूस सांभाळून घेतो, बॉट घेत नाही. त्यामुळे प्रश्न असा हवा की त्याला "हो" म्हणताच येऊ नये: "डबा किती दिवस बंद ठेवायचा?" आणि खाली तीन बटणं, "फक्त एक दिवस", "काही दिवस", "कायमचा बंद". हिंदीतही "आप डबा बंद करना चाहते हैं?" असं नाही, "डबा कितने दिन बंद रखना है?" असं, म्हणजे चाहते की चाहती हाही घोळ मिटतो.

व्हॉट्सअ‍ॅपची रिप्लाय बटणं एका मेसेजला तीनच आणि बटणावर २० कॅरेक्टर. इथे मराठीवर अन्याय होतो. "दुपार आणि रात्र दोन्ही" दिसायला नऊ अक्षरं, पण काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात, स्पेस धरून २२ होतात आणि मेसेज एररला जातो. "दोन्ही वेळा" केलं, ११ मध्ये काम झालं. तीनपेक्षा जास्त पर्याय असतील तर लिस्ट मेसेज घ्या, त्यात दहा ओळी मिळतात, पण एक टॅप वाढतो आणि आमच्या आजी-आजोबांना ती उघडायची असते हेच कळत नाही.

दुसरी भानगड वेळेची. रात्री अकराला बॉट विचारतो, "कधीचा डबा नको?", बटणं "आज", "उद्या". माणूस झोपतो, सकाळी सातला उठून "उद्या" दाबतो. कुठला उद्या? प्रश्नातला की उत्तरातला? बॉटने उत्तराच्या दिवसावरून मोजलं, गुरुवारऐवजी शुक्रवारचा डबा रद्द, आणि गुरुवारचा डबा बंद दाराबाहेर तसाच. आता बटणावर सरळ तारीख असते, "गुरु १२ दुपार", आणि मागे जो पेलोड जातो त्यातही तारीखच, `PAUSE|12-06|LUNCH`. शिवाय यादी बंद होऊन गेल्यावर उत्तर आलं तर ते वापरायचं नाही, नव्याने विचारायचं. हे केल्यापासून दाराबाहेरच्या डब्यांची तक्रार आलेली नाही, मावशी या एका गोष्टीवर खूश आहे, बाकी बॉटला ती अजूनही "तुझं ते" म्हणते.

फॉलबॅकचा मजकूरही बदलला. पहिल्यांदा चुकलं तर माफी नाही, तीन बटणं: डबा, पत्ता, बिल. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर सरळ माणूस. तिसऱ्या वेळेची वाट कशाला बघायची, पैसे जातात. "ऑफिसमधून फोन येईल, सकाळी ८ ते रात्री ८", ही वेळ तिन्ही भाषांत स्वच्छ लिहिलेली, नाहीतर लोक रात्री बारापर्यंत वाट बघतात. सकाळी उत्तर द्यायला हरकत नसते, गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास साधा मेसेज पाठवता येतो, त्यापुढे मात्र मंजूर टेम्प्लेट लागतं. व्हॉइस नोट आणि फोटो फॉलबॅकच्या आधीच वेगळे काढले, "आवाज ऐकता येत नाही, लिहून पाठवा किंवा फोन करा", आणि ते काउंटरमध्ये धरायचे नाहीत.

बाकी डॅशबोर्ड, थीम, रिपोर्ट वगैरे ठीक आहे, कोण बघतंय. मागच्या महिन्याचं बिल आधीपेक्षा कमी आलं, ते टूल सुधारल्यामुळे नाही, बॉट माफी कमी मागतो म्हणून. सपोर्टला लिहिलंय की फॉलबॅकचे मेसेज बिलातून वगळा, नाहीतर वर्षाचा प्लॅन घेणार नाही. ते म्हणाले टीमला कळवतो. महिन्या-महिन्याने भरतोय तोपर्यंत. कोणी घेणार असाल तर ट्रायलमध्ये पहिली टेस्ट ही करा: एक मराठी वाक्य, मग `ok`, मग हिंदीत एक अर्धवट वाक्य, आणि बघा माणसाकडे पोचताय का.