१२ कंट्रोलर, आठ महिने, आता २४ चं कोटेशन द्या भाऊ

नमस्कार भाऊ, मागच्या दिवाळीत तुमच्याकडून १२ वायरलेस कंट्रोलर नेले होते, धरमपेठेतल्या गेमिंग लाउंजसाठी. आता २४ घ्यायचेत, म्हणून कोटेशन मागतोय, पण आधी आठ महिन्यांत काय झालं ते सांगतो, म्हणजे वॉरंटीवरून एवढी कटकट काऊन करून राहिलो ते कळेल.

हिशेब असा की एकेक कंट्रोलर रोज सरासरी सात तास चालतो, महिन्यात २६ दिवस, म्हणजे आठ महिन्यांत साडेचौदाशे तासांच्या आसपास. घरचा पोरगा रोज एक तास खेळला तरी वर्षाचे ३६५ च तास. तेवढे आमच्याकडे ५२ दिवसांत होतात. तुमची एक वर्षाची वॉरंटी कागदावर छान आहे, पण आमच्यासाठी ती कॅलेंडर मोजते, वापर मोजत नाही.

१२ पैकी पाचांना ड्रिफ्ट आला, दोघांचे ट्रिगर ढिले पडले (दाबला की परत वर येत नाही, आतली स्प्रिंग गेली), एकाचं चार्जिंग पोर्ट हललं. चार अजून ठणठणीत. ड्रिफ्टवाल्या पाचांपैकी चार डाव्या स्टिकचे, कारण फुटबॉल असो की गोळीबार, पळायला डावीच लागते. पहिल्यांदा एका पोराने सांगितलं, "भाऊ, मी हात नाही लावून राहिलो तरी माझा माणूस आपोआप पळून राहिला." मी म्हटलं बहाणे नको सांगू, हरून राहिला म्हणून. मग स्वतः टेबलवर ठेवून पाहिलं तर खरंच मेनू आपोआप सरकत होता.

कारण साधं आहे. स्टिकच्या खाली कार्बनचा पट्टा असतो, त्यावर छोटासा पत्रा घासत राहतो, घासून घासून पट्टा झिजतो आणि रीडिंग भरकटतं. धूळही आत जाते. आणि आमच्याकडे तर्री पोहे खाऊन तशाच हाताने कंट्रोलर धरणारे महाभाग आहेत, बटनाच्या फटीतून तेल निघालं आहे बाप्पा! त्यात मे महिन्यात कूलरची दमट हवा आणि हाताचा घाम. ही चूक आमची, मान्य. आता काउंटरवर ओला टिश्यू ठेवलाय.

ड्रिफ्ट आला की नाही हे भांडून ठरवण्यात अर्थ नाही, मी आता मोजूनच ठरवतो. कंट्रोलर लॅपटॉपला केबलने लावायचा, विंडोजमध्ये ही कमांड द्यायची:

```
joy.cpl
```

प्रॉपर्टीज उघडल्या की खूण दिसते. स्टिक चारही बाजूंनी ढकलून सोडायची, प्रत्येक वेळी खूण मधोमध परत आली पाहिजे. किंचित हलणं चालतं, गेम तेवढं सोडून देतो, पण एकाच बाजूला थांबून राहिली की काम झालं.

तीन नग वॉरंटीत पाठवले होते. २३ दिवसांनी दोन परत आले, "व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही" असा शेरा मारून, आणि दोन्हीकडचं कुरियरही मीच भरलं. तिसरा बदलून मिळाला, काऊन ते आजवर कळलं नाही. मग दोन्ही सीताबर्डीला एका मेकॅनिककडे दिले, त्याने स्टिकचं मॉड्यूल काढून नवीन डाखलं. एक मस्त चालतोय. दुसऱ्याचं कॅलिब्रेशन केलं नव्हतं, म्हणून नवा भाग असूनही स्टिक डावीकडेच ओढत होती, परत न्यावा लागला.

म्हणून भाऊ, २४ नगांचा रेट द्या, जीएसटी वेगळा दाखवा, बिलावर प्रत्येकाचा सिरीयल नंबर पाहिजे. आणि वॉरंटीत लेखी लिहा की लाउंजमधला वापर चालेल. ड्रिफ्ट, ट्रिगर आणि पोर्ट तिन्ही त्यात धरा, तेल-पाणी सांडलं तर मी मागणार नाही. सहा महिन्यांचीच द्या हवं तर, पण रिपेअर नाही, रिप्लेसमेंट द्या, सात दिवसांत, येण्याजाण्याचं कुरियर तुमचं. नाही जमत असेल तर २४ वर दोन नग जास्तीचे द्या आणि वॉरंटीचा विषयच सोडा, मला तेही परवडेल.

हॉल इफेक्टवाले असतील तर त्यांचाही वेगळा रेट सांगा. त्यात चुंबक असतो, पट्टा घासत नाही, म्हणून ड्रिफ्टचं टेन्शन कमी, पण ट्रिगरची स्प्रिंग आणि बटनं त्यातही झिजतातच, म्हणून त्यावर जास्त पैसे मागताना जरा सांभाळून. शिवाय आमच्या कन्सोलवर चालतात की फक्त पीसीवर, ते आधी सांगा, नाहीतर २४ डबे घेऊन मी बसून राहीन. दोन नग सॅम्पल पाठवा, पैसे देतो, दोन आठवडे शनिवार-रविवारच्या गर्दीत चालवतो, मग ऑर्डर. मारबतीच्या आधी कोटेशन आलं तर बरं, त्यानंतर गणपतीत माझा हातच रिकामा नसतो.